चर्चा: छायाचित्रात झाड कोणते ते पाहावे, की हिरवे कुठे संपते ते पाहावे?

पायवाट
माझे मत असे की, छायाचित्र कोणत्या हवामानपट्ट्यातले आहे हे ठरवायला झाड पुरेसे असते. नारळ दिसला तर उष्ण कटिबंध, काटेरी झुडूप दिसले तर वाळवंट, पानगळ झालेली झाडे दिसली तर समशीतोष्ण प्रदेश आणि झाडेच नसली तर अल्पाइन. मात्र एक छायाचित्र या हिशेबात बसत नाही. त्यात तपकिरी, उघडे डोंगर आहेत, पायथ्याला उंच सरळ पॉपलरची रांग आहे, तिच्याजवळ पिवळ्या पडत चाललेल्या धान्याचे वाफे आहेत आणि दूरच्या शिखरावर थोडे बर्फ आहे. माझ्या मते हे अल्पाइन आहे. आपले काय मत?

सड्यावरचा
माझाही अनुभव असाच आहे. कासच्या पठाराचे सप्टेंबरमधले छायाचित्र मी दाखवले, तेव्हा बहुतेकांना ते आल्प्समधील कुरण वाटले, कारण त्यात एकही मोठे झाड नव्हते आणि जमिनीवर फुलांचा गालिचा होता. त्यामुळे झाडे नसणे ही अल्पाइनची खूण आहे, पण ती आपल्याकडेही आढळते, असे म्हणावे का?

वनरेषा
कासचे उदाहरण विषयाच्या गाभ्याशी नेते, फक्त त्याचा निष्कर्ष वेगळा आहे. कास सुमारे 1,200 मीटरवर आहे आणि त्या उंचीवर आपल्या अक्षांशात थंडीमुळे झाड अडत नाही. तेथे जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात सारे करपून जाते, म्हणून झाड उभे राहत नाही. छायाचित्रातच याचा पुरावा सापडतो: सड्याच्या कडेला, जिथे माती साठते, तिथे त्याच उंचीवर दाट जंगल सुरू होते. झाडे नाहीत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती कुठे आणि कशी संपतात यावरून ठरते.

थंडीने संपणारे जंगल कसे दिसते हे उत्तराखंडातील चोपता ते तुंगनाथ या वाटेवर चांगले कळते. चढत जावे तशी झाडे बुटकी होतात, उतारावर साचणाऱ्या बर्फाच्या भाराने बुरांसचा वृक्ष खाली वाकलेला आणि पसरलेला दिसतो, मग तोही तुटक होतो आणि वर बुग्यालाची सलग हिरवळ लागते. ऑक्टोबरमध्ये ती हिरवळ तपकिरी पडते आणि छायाचित्रात वाळवंटासारखी भासते, पण जवळून पाहिल्यास गवताची मुळे एकमेकांत विणलेली असतात आणि मधे उघडी माती फारशी नसते. वाळवंटात उलट प्रत्येक झुडूप आपल्यापुरते अंतर राखून उभे असते, आणि मधली जमीन खडे-वाळूची राहते, कारण ओल तेवढीच असते.

आता पायवाट यांच्या छायाचित्राकडे वळू. पॉपलर उंच आणि सरळ आहेत, म्हणजे त्या उंचीवर झाड वाढण्याइतका उन्हाळा नक्कीच मिळतो. पण त्या रांगेच्या बाजूचा उतार, त्याच उंचीवर, उघडा आहे. थंडी दोघांना सारखीच. फरक पाण्याचा असला पाहिजे. हिरवा पट्टा डोंगराच्या कडेने एका जवळजवळ आडव्या रेषेत थांबतो का, ते पाहावे. तशी रेषा असेल तर ती बहुधा पाटाची आहे: वर हिमनदीच्या वितळीतून वळवलेले पाणी, आणि त्याच्या खाली जेवढे भिजते तेवढेच शेत. लेहच्या आसपास वर्षाला साधारण 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आणि तिथल्या जवाच्या वाफ्यांचा आकार असाच असतो. माझ्या मते हे शीत वाळवंट आहे आणि पिवळे वाफे पाहता दिवस ऑगस्टअखेरचे किंवा सप्टेंबरचे असावेत.

कृषिवाचक
पाटाची रेषा मान्य, परंतु आपण पिकाला अगदीच बाजूला सारले. मला तर पीक जास्त बोलके वाटते. भात दिसला की पाणथळ उष्ण प्रदेश आणि जव दिसले की थंड प्रदेश, यात फारशी चूक होत नाही.

वनरेषा
जवाबद्दल काही अंशी बरोबर, भाताबद्दल नाही. काश्मीर खोऱ्यात आणि जपानच्या होक्काइदो बेटावर भात होतो, आणि दोन्हीकडे हिवाळ्यात बर्फ पडते. हंगामी पीक वर्षातल्या काही उबदार महिन्यांची साक्ष देते. उरलेल्या वर्षाबद्दल ते काहीच सांगत नाही. उलट नारळ वर्षानुवर्षे उभा राहून फळ धरतो, तेव्हा तेथे कडक दहिवर पडत नाही हे आपोआप सिद्ध होते. मात्र नारळाला फळे आहेत का, हे पाहावे. हॉटेलाच्या अंगणात लावलेला शोभेचा माड पुरावा म्हणून चालत नाही. निलगिरीचे झाड तर त्याहून फसवे आहे, कारण ते इथिओपियाच्या पठारापासून पोर्तुगालपर्यंत लावलेले आढळते.

देशावरची
पानगळीचा मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून लिहिते. विदर्भातल्या सागाच्या जंगलाचे एप्रिलमधले छायाचित्र निष्पर्ण दिसते आणि अनेकांना तो युरोपातला हिवाळा वाटतो. माझ्या पाहण्यात फरक खालच्या थरात असतो. आपल्याकडे जमिनीवर कुरकुरीत वाळलेली पाने असतात, माती फुफाट्याची असते आणि मधूनच एखादा पळस फुललेला असतो, तर युरोपातल्या हिवाळी जंगलात बुंध्यांवर शेवाळे आणि जमिनीवर ओलावा दिसतो. म्हणून «पाने झडली की समशीतोष्ण» हे विधान मला पटत नाही.

पायवाट
सागाचे मान्य, पण माझ्या छायाचित्राबाबत मी मत बदललेले नाही. दूरच्या शिखरावर बर्फ आहे, गाव साडेतीन हजार मीटरवर असावे, मग त्याला वाळवंट म्हणणे नकाशाच्या दृष्टीने विचित्र वाटते. शिवाय पाटाची रेषा मला स्पष्ट दिसत नाही. झाडांच्या मागे उतार आहे, इतकेच दिसते.

वनरेषा
रेषा न दिसणे शक्य आहे, कारण दूरच्या भिंगातून काढलेल्या छायाचित्रात अंतरे दाबली जातात आणि पाट झाडांच्या शेंड्यांमागे लपतो. तेव्हा दुसरी खूण घ्यावी: मूळ चित्र मोठे करून उताराचा वरचा भाग पाहावा. लडाखमध्ये खालचा उतार उघडा आणि बराच वर, बर्फवितळीच्या ओलीवर, पुन्हा थोडे गवत व उशीसारख्या वनस्पती, असा उलटा क्रम दिसतो. बुग्यालासारख्या डोंगरावर खाली जंगल आणि वर गवत असते. तरी एक अडचण राहते: मोरोक्कोच्या उंच ॲटलासमध्येही पाटावरचे जव आणि पॉपलर असेच दिसतात, आणि तेथे वाफ्यांच्या कडेला अक्रोड, तर उतारावर विखुरलेले जुनिपर दिसले तरच मी निश्चित बोलेन.

कृषिवाचक
मग एकाच चौकटीत खाली वाळवंट आणि वर अल्पाइन असे दोन पट्टे निघाले, तर छायाचित्राला नाव कोणते द्यायचे?

वनरेषा
मी शेताच्या उंचीवरचा पट्टा धरतो, कारण झाडे आणि पीक तेथे आहेत. पायवाट उंचीला प्राधान्य देऊन वेगळे म्हणत असतील, तर तेही तर्काला सोडून नाही. त्यांनी वरचा उतार मोठा करून टाकावा, मग पुढे बोलता येईल.

पायवाट
मूळ चित्रात माथ्याचा भाग कापलेला आहे, त्यामुळे गवत आहे की नाही ते सांगता येत नाही. तळाशी मात्र वाफ्यांच्या बांधावर काटेरी झुडपांची दाट ओळ आहे, आणि तिला नारिंगी फळे लगडलेली दिसतात.

देशावरची
ती सीबकथॉर्नची असावीत. लडाखमधल्या नुब्राच्या हुंडर गावाजवळ वाळूच्या टेकड्यांच्या कडेला, ओढ्याकाठी, त्यांची बने मी पाहिली आहेत.