मदत हवी आहे: चौकटींचं लाकूड माझ्या हिशेबाने पावणेबारा फूट, वखारीच्या चिठ्ठीत साडेचौदा

घर_चालू_आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात गावाकडे घर बांधायला काढलंय. जोत्याचं काम झालं, आता भिंती वर घ्यायच्यात आणि गवंडी चौकटींसाठी खोळंबलाय. बेळगावातल्या एका वखारीत मत्तीचं लाकूड बघून आलो. सुताराने दिलेली मापं अशी:

मुख्य दार १, माल ५ × ३ इंची, बाहेरून ७ फूट उंच, साडेतीन फूट रुंद, उंबऱ्यासकट. आतली दारं ३, माल ४ × ३, ७ × ३ फूट, उंबरा नाही. खिडक्या ४, माल ४ × ३, ४ × ४ फूट.

घरी बसून हिशेब केला. इंची × इंची × फूट, भागिले १४४. मुख्य दाराची चारी बाजूंची लांबी २१ फूट, म्हणून ५ × ३ × २१ ÷ १४४ = २.१९. आतली दारं १७ फुटांची तीन, म्हणजे ५१ फूट, त्याचे ४.२५. खिडक्या १६ फुटांच्या चार, म्हणजे ६४ फूट, त्याचे ५.३३. एकूण ११.७७ घनफूट.

वखारवाल्याने चिठ्ठी दिली १४.५२ ची! चिठ्ठी कन्नडमध्ये आहे. 'बागिलु' आणि 'किटकि' एवढं लागलं, बाकीचे नुसते आकडे. पावणेतीन फुटांचा फरक कुठून आला? मी अजून पैसे दिलेले नाहीत. चुकतोय कोण?

निपाणीची_सून

आमच्याकडे खिडक्यांना लाकूड घेतलंच नाही, ग्रॅनाइटच्या चौकटी बसवल्या. वाळवीचं टेन्शन नाही. विचार करा की.

घर_चालू_आहे

ताई, खिडक्यांचा विषय घरात दोन वेळा भांडून मिटलाय. आता लाकूडच.

बांधकाम_बंधू

१४४ ने कसं भागता? घनफूट म्हणजे १२ × १२ × १२ = १७२८. १७२८ ने भागा, वखारवाला उघडा पडेल.

घर_चालू_आहे

भागून बघितलं. मुख्य दाराच्या आख्ख्या चौकटीला ०.१८ घनफूट आलं. एवढ्यात चौकट काय, पाटसुद्धा नीट होणार नाही.

रंधा

१७२८ चूक नाही, पण लांबीही इंचात घ्यायला लागते. २१ फुटांचे २५२ इंच करा आणि मग १७२८ ने भागा, तेच २.१९ येईल. लांबी फुटात असली की १४४. दोन्हींची खिचडी केली की असला पाटाचा हिशेब होतो.

आता मूळ प्रश्न. मी चाळीस वर्षं रंधा चालवला, आता पोरगा बघतो. तुमचं सूत्र बरोबर आहे, लांब्या चुकल्यात. तुम्ही भिंतीतल्या भोकाचा परीघ मोजलात. लाकूड तसं लागत नाही. एक सांगा, ४ फुटी खिडकीला मधला उभा आहे की नाही? आणि चिठ्ठीत नग किती, लांबी किती, तेवढं इथं टाका. आकडे आकडेच असतात, कन्नड असोत नाहीतर मराठी.

घर_चालू_आहे

मधला उभा आहे, दोन झडपांची खिडकी आहे. तो मी धरलाच नव्हता, कपाळ!

शेजारच्या दुकानातल्या अण्णांकडून चिठ्ठी वाचून घेतली. ५ × ३ मध्ये साडेसात फुटी २ नग, चार फुटी २ नग. ४ × ३ मध्ये दारांचे साडेसात फुटी ६, साडेतीन फुटी ३. खिडक्यांचे साडेचार फुटी २० नग.

रंधा

मग झालं की. चार खिडक्यांचे मधले चार उभे, प्रत्येकी ४ फूट, म्हणजे १६ फूट. नुसत्या त्यांचेच १.३३ झाले. निम्मा फरक इथंच गेला.

दुसरं, आडव्याचे कान. वरची गणेशपट्टी चौकटीच्या रुंदीएवढीच कापत नाहीत, दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर ठेवतात, ते भिंतीत बसतात. उंबऱ्याचं आणि खिडकीच्या खालच्या आडव्याचंही तसंच. म्हणून मुख्य दाराचे आडवे साडेतीनऐवजी ४ फूट, आतल्या दारांचे साडेतीन, खिडक्यांचे साडेचार. सगळ्या कानांचे मिळून ०.५६ होतात. इथवर तुमचा खरा आकडा १३.६७.

उरलेले ०.८५ कापछाटीचे. सात फुटी उभ्याला साडेसात फुटी नग आणि खिडकीच्या चार फुटी उभ्याला साडेचार फुटी नग लावलाय. टोकाला चीर असते, माल काटकोनात कापलेला नसतो, म्हणून थोडं जास्त घ्यावंच लागतं. चिठ्ठीचं गणित बरोबर आहे: ५ × ३ चे २३ फूट, ४ × ३ चे साडेपंचावन्न आणि नव्वद. करून बघा.

घर_चालू_आहे

२.४० + ४.६२ + ७.५०. होय, १४.५२ च आलं. म्हणजे माणूस खरा आहे.

कडोलीची_इंजिनिअर

एक शंका. उभा पूर्ण ७ फूट आणि आडवाही पूर्ण रुंदीचा धरला, तर कोपरा दोनदा मोजला जातो. ३ इंच जाडीचा कोपरा आहे. मुख्य दाराला वर-खाली मिळून प्रत्येक उभ्याचे ६ इंच कमी करायला हवेत. आमच्या एस्टिमेटमध्ये चौकटीचं घनफळ काढताना असंच वजा करतो.

रंधा

ताई, तयार चौकटीचं घनफळ काढायचं असलं तर तुमचं बरोबर. पण लाकूड विकत घेताना वजा केलंत तर चौकट बुटकी होईल. उभ्याच्या टोकाला कुसू काढायचं असतं, ते आडव्याच्या भोकात आरपार जातं. उभा साडेसहा फुटावर कापला तर कुसू कशाचं काढणार? आडव्यातलं भोक पाडून जो भुसा पडतो त्याचेही पैसे आपणच दिलेले असतात. वखारीत कोपरा दोनदाच मोजला जातो, आणि तो बरोबर मोजला जातो.

कडोलीची_इंजिनिअर

कळलं. म्हणजे माझं एस्टिमेट आणि वखारीचं बिल कधीच जुळणार नाही. साइटवर सुतार माझ्याकडे बघून हसतो ते याचसाठी होय!

पण खिडकीच्या उभ्यांना अर्धा-अर्धा फूट जास्त हे मला अजून पटत नाही. चार इंच पुरायला हवेत.

रंधा

ते मलाही जास्तच वाटतं. पण वखारीत अर्ध्या फुटाच्या पटीत माल कापायची पद्धत असली तर वाद घालून उपयोग नाही. उरलेले तुकडे मागून घ्या, सुताराला पाचरींना होतात.

शिवारातला

माझं जरा वेगळं आहे. बांधावर फणस आहे, घेर ४८ इंच, सरळ खोड ८ फूट. एका वखारवाल्याने सांगितलं ८ घनफूट होईल. घेराचा चौथा भाग १२ इंच, १२ × १२ × ८ ÷ १४४. यात तुमच्यासारख्या दोन चौकटी आणि वर काहीतरी होईल काय? आणि वरच्या चिठ्ठीतही हाच घेराचा हिशेब लावायला पाहिजे होता असं मला वाटतं, माल झाडापासूनच येतो ना.

रंधा

दादा, घेराचा हिशेब गोल ओंडक्याचा. कापलेल्या चौकोनी मालाला तो लावायचा नाही. तुमच्या ओंडक्याचं खरं घनफळ १०.१९ भरतं, घेराच्या चौथ्या भागाने ८ येतं. सुमारे एकवीस टक्के त्या हिशेबातच सोडलेले असतात, कारण बाजूच्या फळ्या, साल, करवतीचा भुसा हे जाणारच. पण म्हणून ८ फूट चौकटीचा माल हातात येईल असं नाही. मधोमध गाभा पोकळ निघाला तर आणखी कमी. आणि कापायच्या आधी वन खात्याकडे परवानगीचं विचारून घ्या.

खानापूरचे दादा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. लांबीवरून एवढा खल केलात, माल प्रत्यक्ष टेप लावून बघितला काय? प्रत्येक नगाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, रुंदी आणि जाडी, सूत धरून मोजा. पैसे देण्याआधी.

घर_चालू_आहे

दोन दिवस येता आलं नाही. काल बेळगावला जाऊन आलो. टेप आणि वही घेऊन गेलो तर हमाल हसायला लागले.

दारांचा माल बरोबर आहे. ५ × ३ चा एक नग एका टोकाला सूतभर कमी, ते चालतं. पण खिडक्यांचे २० नग मोजले, सगळे पावणेचार बाय पावणेतीन. एकसुद्धा चार बाय तीन नाही. मालक म्हणाले, 'ओल्या मालाचं कापलंय, सुकून कमी झालं.' मी गप्प बसलो, कारण मला ठाऊक नाही खरं काय.

रंधा

आता वही काढा. ४ × ३ म्हणजे १२ चौरस इंच, ३.७५ × २.७५ म्हणजे १०.३१. नव्वद फुटांना ७.५० ऐवजी ६.४५. एका घनफुटाहून जास्त गेलं. कापछाटीच्या ज्या ०.८५ वर आपण इथं वाद घातला त्याहून हे मोठं आहे, आणि चिठ्ठीत ते दिसतच नाही.

सुकण्याचं म्हणाल तर लाकूड आडवं आटतं खरं, लांबीत जवळजवळ नाही. पण सगळे नग एकसारखे आटत नाहीत. एक दोन सूत जाईल, दुसरा अर्धा सूत, तिसरा वाकडा होईल. वीसच्या वीस नग नेमके दोन-दोन सूत कमी असले तर ते करवतीला तसंच माप लावून कापलेले आहेत. आणि मत्तीचा ओला माल चौकटीला घेत असाल तर ती वेगळीच डोकेदुखी, भिंतीत बसल्यावर सांधे उघडतील.

बांधकाम_बंधू

आमच्याकडे पावणेचार-पावणेतीनलाच चार-तीन म्हणतात. रंधा मारल्यावर तेवढंच राहतं.

रंधा

रंधा मारल्यावर, होय. चार-तीनचा माल रंधून पावणेचार-पावणेतीन होतो, ते आम्हीपण चार-तीनच म्हणतो. हा माल अजून रंधायचाय. रंधून साडेतीन-अडीचवर येईल. मग झडप टेकायला अर्ध्या इंचाची खाच काढल्यावर तिथं दोनच इंच राहतील, त्यात कडी-कोयंडा आणि बिजागरीचे स्क्रू.

घर_चालू_आहे

फोन केला. मालक म्हणाले, दोन वाटा आहेत. एक तर खिडक्यांचा माल प्रत्यक्ष मापाने लावतो, नाहीतर आठ दिवस थांबा, पूर्ण चार-तीन कापून देतो. दर तोच. सुकलेला देणार की ओला, यावर उत्तर दिलं नाही.

गवंडी आठ दिवस थांबायला तयार नाही. दारांच्या चौकटी उचलतो, खिडक्यांच्या जागी मापाची भोकं सोडून भिंत वर घेऊ दे म्हणतोय. तसं केलं तर आडव्यांचे कान नंतर कसे बसवायचे, रंधा काका?

रंधा

नंतर बसवायच्या चौकटीला कान ठेवत नाहीत, बाजूने पट्ट्या ठोकून किंवा लांब स्क्रूने आवळतात. म्हणजे आठ आडव्यांचा अर्धा-अर्धा फूट वाचला. कापायच्या आधी वखारीत सांगा, नाहीतर ते ०.३३ परत चिठ्ठीत येतंय.