फरशीचा फोटो आणि राहून गेलेला निरोप
> आईकडून अधूनमधून फरशीचा अंधुक फोटो येतो, सोबत एक अक्षर नाही. काय समजायचं?

त्यांना बहुतेक बोलून निरोप पाठवायचा असतो. व्हॉट्सॲपवर लिहायच्या पट्टीत माइकला लागूनच कॅमेऱ्याचं चिन्ह असतं. अंगठा त्यावर पडला की कॅमेरा उघडतो. बोलायला फोन तोंडासमोर आडवा धरलेला, त्यामुळे मागचा कॅमेरा थेट जमिनीकडे. म्हणून फोटोत फरशी, पायाची बोटं, साडीचा काठ. मग गोल बटण, हिरवा बाण, की फोटो रवाना! असा फोटो आला की लगेच फोन करा, सांगायचं ते राहूनच गेलेलं असतं. सेटिंगमधून व्हॉट्सॲपची कॅमेऱ्याची परवानगी काढता येते, पण मग व्हिडिओ कॉलवर आईच दिसणार नाहीत. मी तरी ती काढणार नाही.