हुक म्हणजे गळ, आकडा की मुखडा?

मुग्धा: द्राक्ष बागायतदारांसाठी दीड तासाचा वेबिनार झाला, त्यातून सहा-सात छोट्या क्लिपा काढायच्यात आणि कापणाऱ्या पोरांना सूचना मराठीत लिहून द्यायच्यात. सुरुवातीच्या तीन-चार सेकंदांत बघणाऱ्याला थांबवणारं जे वाक्य असतं त्या हुकला काय म्हणायचं? 'गळ' लिहिलं तर एकाने विचारलं, गळ घालायची म्हणजे विनवणी करायची का.

दत्ता: आकडा म्हणा सरळ.

मुग्धा: दत्ताभाऊ, आकडा टाकला म्हटलं की आमच्याकडे वीजचोरीच आठवते हो.

सुनंदाताई: गळही नको, गळाला लागलेला फसलेलाच असतो. मी मुखडा म्हणेन. बंदिशीचा मुखडा समेकडे नेतो आणि सम येईपर्यंत ऐकणारा हलत नाही, क्लिपमध्ये तेच हवं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावतात, त्या पेस्टिंगचा प्रश्न तुमच्याकडे आला असेलच ना?

मुग्धा: हो, ४१ व्या मिनिटाला प्रश्न वाचलाय, मग काडीची जाडी कशी बघायची ते सांगितलंय, आणि ४२:०५ ला वक्ते म्हणतात, "सगळ्या काड्यांना एकच डोस दिलात म्हणून डोळे मागेपुढे फुटले."

सुनंदाताई: मग ते वाक्य उचलून पुढे ठेवा, हा मुखडा. त्यानंतर जाडीचं, आणि जाड काडीला जास्त डोस का लागतो ते जिथे सांगितलंय तिथे सम. तिथेच थांबा, आभारबिभार नको. प्रश्न वाचण्यात गेलेलं अख्खं मिनिट काढून टाका.

निखिल: पण मुखडा म्हणजे सुरुवात ना, मग जे आधी बोललेत तेच आधी यायला पाहिजे. वाक्यं मागेपुढे केली तर वक्त्याच्या तोंडी भलतंच जाईल.

सुनंदाताई: मुखडा गाण्यात परत परत येतो, त्यामुळे क्लिपमध्ये तो पुढे आणायला हरकत नाही. भलतं जाण्याची भीती मात्र खरी आहे. त्या वाक्याला लागून "पण" आला असेल, समजा "पण पाऊस झाला असेल तर वेगळं", तर तो पणसुद्धा क्लिपमध्ये आलाच पाहिजे, नाहीतर तो गळच झाला.

रमेश: माझा मुखडा तर कधी जागेवरच येत नाही, आधीच्या वाक्याचं शेपूट येतं नाहीतर चित्र गोठून नुसता आवाज चालू होतो. मी असं कापतो:

```
ffmpeg -ss 00:42:05 -to 00:42:50 -i webinar.mp4 -c copy clip.mp4
```

सुनंदाताई: `-c copy` मुळे होतंय ते. कॉपी करताना चित्र फक्त कीफ्रेमपासून, म्हणजे जिथे पूर्ण चित्र साठवलेलं असतं तिथूनच धरता येतं, आणि स्लाईडच्या रेकॉर्डिंगमध्ये कीफ्रेम लांब लांब असतात. त्याजागी `-c:v libx264 -c:a aac` घाला, वेळ लागेल पण शब्दावर कापलं जाईल.

मुग्धा: ठरलं, मुखडा लिहिते. पण व्हिडिओवर वरती मोठ्या अक्षरात जी ओळ टाकतात, तिलाही पोरं हुकच म्हणतात, त्याचं काय?

दत्ता: मथळा.

निखिल: मथळा पेपरचा वाटतो, ती ओळ तर बोलल्यासारखी असते. पाटी कशी वाटते?