शेवटची नोटीस: १० तारखेला सॉफ्टवेअर बंद करू का?

पेठेतला_प्रोग्रॅमर
आमची सहा जणांची कंपनी. होलसेलवाल्यांना बिलिंग आणि स्टॉकचं ऑनलाइन सॉफ्टवेअर देतो. इचलकरंजीचे एक कापडवाले चार वर्षांपासूनचे गिऱ्हाईक आहेत. तिमाहीचे ३६,००० आणि वर जीएसटी, असे ४२,४८०. १ एप्रिलच्या बिलापोटी ३८,८८० आले, १ जुलैचं बिल पूर्ण बाकी. तीन ईमेल झाले, व्हॉट्सॲप झालं, ‘अकाउंटंट गावाला गेलाय’ हे दोनदा ऐकून झालं. आता शेवटची नोटीस काढतोय: ‘आपल्याकडे ४६,०८० रुपये थकीत आहेत. १० सप्टेंबरपर्यंत न भरल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता सेवा बंद करण्यात येईल.’ एवढं पुरे का? की अजून थांबू?

रोखठोक
थांबायचं कशाला? जुलैच्या बिलातले ६,४८० तुम्ही २० ऑगस्टलाच सरकारजमा केले असणार. म्हणजे त्याच्याकडून दमडी आली नाही आणि त्याचा जीएसटी तुमच्या खिशातून गेला. वर सर्व्हरचं भाडं तुम्हीच भरताय. माझं साध्या हजेरीच्या सॉफ्टवेअरचं काम आहे. जो तीन ईमेलना उत्तर देत नाही तो चौथ्यालाही देत नाही. बटण बंद केलं की तासाभरात यूटीआर नंबर व्हॉट्सॲपवर येतो. नोटीस दोन ओळींची असली तरी चालते, कारण ती वाचतच कोणी नाही.

वहीखातं
रोखठोक, थोडं हळू. आधी आकडा तरी बरोबर आहे का ते पाहू.

४२,४८० मधून ३८,८८० वजा केले की ३,६०० उरतात. ३६,००० चे १० टक्के तेवढेच होतात. अकाउंटंटने जीएसटी सोडून मूळ रकमेवर टीडीएस कापलाय, बाकी काही नाही. ती थकबाकी नव्हेच, तो तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे. (२ टक्के कापायचा की १० यावर अकाउंटंट मंडळी हमरीतुमरीवर येतात, तो वाद इथे नको.) एप्रिल ते जूनच्या टीडीएसचं विवरण ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, तेव्हा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवरचा करजमेचा उतारा, उघडून बघा. ३,६०० दिसले तर एप्रिलचं बिल पूर्ण चुकतं झालंय, तुमच्या सॉफ्टवेअरने ते अर्धवट दाखवलंय इतकंच. नाही दिसले तर त्याने पैसे कापलेत पण भरलेले नाहीत. मग १६ए हे टीडीएसचं प्रमाणपत्र मागा. पण ती वेगळी तक्रार आहे, या नोटिशीत घालू नका.

नोटिशीत ४६,०८० लिहिलंत तर काय होईल सांगू? अकाउंटंट गावाहून परत येईल, ‘आकडा चुकीचा आहे, लेजर पाठवा’ असं एका ओळीचं उत्तर टाकेल, आणि आणखी तीन आठवडे गेले. चुकीच्या आकड्याची नोटीस ही उशीर करणाऱ्याच्या हातात दिलेलं आयतं कारण असते.

रोखठोक
हे मान्य. आकडा ४२,४८० करा. बाकी माझं म्हणणं तेच.

गोडाऊन_नं_४
मी पलीकडच्या बाजूचा. आमचा सुट्या भागांचा घाऊक धंदा. दोन वर्षांपूर्वी एका सॉफ्टवेअरवाल्याने (नाव नको) आमचं खातं शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बंद केलं. पैसे द्यायचे नव्हते असं नाही हो! कार्डावर दर महिन्याला आपोआप पैसे जायचे. मग आम्ही युजर वाढवले, बिल १५,००० च्या वर गेलं, आणि त्या रकमेपुढे दर वेळी ओटीपी लागतो. ओटीपी यायचा जुन्या मॅनेजरच्या मोबाइलवर, तो नोकरी सोडून गेलेला. नोटिसाही त्याच्याच ईमेलवर जात होत्या. त्या मेलबॉक्समध्ये ‘शेवटची नोटीस’ अकरा दिवस न उघडता पडून होती.

शुक्रवारी गेटवर दोन टेम्पो माल भरून उभे. बिल निघेना, ई-वे बिल निघेना. पुतण्याने सरकारी पोर्टलवर एकेक बिल हाताने चढवायला घेतलं, रात्री पावणेदहाला पहिला टेम्पो हलला. त्यांच्या हेल्पलाइनवर टेप लागली होती: ‘आमची वेळ सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा.’ पैसे सातलाच भरले होते. खातं उघडलं सोमवारी.

वर्ष संपल्यावर आम्ही ते सॉफ्टवेअर बदललं.

कलम_दाखवा
पेठेतले, तुमची उद्यम नोंदणी असेल तर घाबरायचं कारणच नाही. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे. ४५ दिवस उलटले की सेवा तोडायचा हक्क कायद्यानेच मिळतो, नोटिशीची गरजच नाही.

वहीखातं
अर्धं बरोबर. ४५ दिवस ही लेखी करारात मुदत ठरली असेल तेव्हाची कमाल मर्यादा. करारच नसेल तर १५ दिवस. आणि २००६ चा तो कायदा देतो व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. सेवा तोडायचा हक्क तो देत नाही, तो तुमच्या करारातून यायला हवा. पेठेतले, करारात सेवा स्थगितीचं कलम आहे का? त्यात किती दिवसांची सूचना लिहिलीय? तेवढे दिवस मोजल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

त्या कायद्याचा खरा चिमटा वेगळाच आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात दाखवता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे आणि त्याच्या सीएला ते पाठ असतं. नोटिशीत उद्यम क्रमांक टाका, बाकी धमकीची गरज नाही.

सदाशिव_आजोबा
आमच्या सोसायटीच्या पंपाची वीज अशीच न सांगता तोडली होती. वीज कायदा २००३, कलम ५६. लेखी नोटीस आणि पूर्ण पंधरा दिवस द्यावेच लागतात. आम्ही भांडून जोडून घेतली. तुमच्या गिऱ्हाइकालाही सांगा.

कलम_दाखवा
आजोबा, इथे विजेचं नाही चाललंय.

वहीखातं
नाही, पण आजोबांच्या कलमात एक चांगली सोय आहे. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम हरकत नोंदवून भरायची, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. सॉफ्टवेअरला तो कायदा लागू नाही, पण तीच वाट नोटिशीत ठेवता येते: ‘हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा, वाद नसलेली रक्कम भरा, वादग्रस्त रकमेसाठी सेवा बंद होणार नाही.’ खरंच अडचण असलेला गिऱ्हाईक लगेच लिहितो. वेळ काढणारा लिहीत नाही, मग तुम्हालाही कळतं.

आता तारीख. १० सप्टेंबर कोणी सुचवली? ११ ला ऑगस्टचा जीएसटीआर-१ भरायचा असतो. तो डेटा तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुम्ही १० ला बंद केलंत तर त्याची बिलं वेळेत चढणार नाहीत, त्याच्या गिऱ्हाइकांच्या २बी या क्रेडिटच्या यादीत ती दिसणार नाहीत आणि त्यांचं क्रेडिट अडकेल. वीस दुकानदार त्याला फोन करतील.

रोखठोक
मग तर १० च उत्तम! दुखेल तिथेच दाबायचं.

वहीखातं
दाबा, पण उद्या तो म्हणेल की माझा लेट फी आणि बुडालेला धंदा तुमच्यामुळे. दावा टिकेल न टिकेल, वकिलाची फी मात्र ४२,४८० मधून सुटणार नाही. २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण, होऊ द्या आणि २२ ठेवा. सकाळी अकराची वेळ लिहा, तुमची माणसं फोनवर असतील अशी.

गोडाऊन_नं_४
आणि सगळं एकदम बंद करू नका. नवीन बिल काढणं थांबवा, जुनं बघणं आणि डाउनलोड चालू ठेवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या असतात. कोणी आमच्या वह्याच कुलपात घातल्या तर आम्ही त्याला वसुली म्हणत नाही, अडवणूक म्हणतो.

रोखठोक
डाउनलोड चालू ठेवलंत की तो डेटा घेऊन दुसरीकडे जाणार आणि तुमचे ४२,४८० बुडणार. हे लिहून ठेवा.

पेठेतला_प्रोग्रॅमर
सगळ्यांचे आभार. २६एएस पाहिलं, ३,६०० आहेत. लाज वाटली, मे महिन्यापासून मी त्याच पैशांसाठी त्यांना पिडत होतो. करारात १० दिवसांची लेखी सूचना लिहिलीय, म्हणजे मी मूळ नोटीस पाठवली असती तर तीही मुदतीत बसली नसती. नवा मसुदा असा:

‘१ जुलैचे बिल, एकूण ४२,४८० रुपये, १५ जुलैपासून बाकी आहे. टीडीएस कापणार असाल तर उरलेली रक्कम भरावी. एप्रिलच्या बिलाची बाकी शून्य आहे. आधीच्या पत्रांत दाखवलेले ३,६०० रुपये ही आमची चूक होती. रक्कम २१ सप्टेंबरपर्यंत न आल्यास २२ सप्टेंबरला सकाळी ११ वाजता नवीन बिल, ई-वे बिल आणि स्टॉकची नोंद थांबेल. जुन्या नोंदी पाहणे व डाउनलोड करणे २२ ऑक्टोबरपर्यंत चालू राहील. त्याआधी काहीही पुसले जाणार नाही. पैसे भरल्यावर यूटीआर कळवा, कामाच्या वेळेत दोन तासांत सेवा सुरू होईल. हरकत असल्यास १८ सप्टेंबरपर्यंत लिहा. आमचा बँक खाते क्रमांक बदललेला नाही. तो जुन्या बिलावर आहे तोच.’

शेवटचं वाक्य बायकोने घालायला लावलं. खोट्या नोटिशीत नवीन खातं देऊन पैसे उकळतात म्हणे. ईमेल मालक आणि अकाउंटंट दोघांना जाईल, आणि छापील प्रत स्पीड पोस्टने.

वहीखातं
चांगलं आहे. मालकांना पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करा. ‘उद्या नोटीस येतेय, ३,६०० ची चूक आमची होती’ एवढंच सांगा.

गोडाऊन_नं_४
एक राहिलं. २२ तारखेनंतर सेवा अर्धी बंद, मग १ ऑक्टोबरचं बिल पूर्ण लावणार का? आम्हाला लावलं होतं. बंद दिवसांचे पैसे मी आजही दिलेले नाहीत.

रोखठोक
अर्थात पूर्ण. जागा अडवलीय त्याने. भाड्याच्या खोलीला कुलूप लावून कोणी गावाला गेलं म्हणून भाडं माफ होतं का?

गोडाऊन_नं_४
कुलूप भाडेकरूने लावलं तर नाही. इथे ते मालकाने लावलंय.

पेठेतला_प्रोग्रॅमर
करारात यावर एक ओळही नाही. बिल काढलं तर त्याचा जीएसटी पुन्हा मलाच आधी भरायचा, आणि नंतर माफ करायचं ठरलं तर क्रेडिट नोट काढत बसायची. १ तारखेचं बिल तूर्त थांबवून ठेवतो. २२ ला काय होतं ते बघू.