4dz² मध्ये सपाट नोडल प्लेन एकही नाही, मग अँग्युलर नोड दोन कसे?

प्रश्नकर्ती: उद्या टेस्ट आहे आणि मी एकाच ठिकाणी अडकलेय. 4d साठी n = 4, l = 2. रेडियल नोड n − l − 1 म्हणजे 1, अँग्युलर नोड l म्हणजे 2, एकूण 3. dxy मध्ये ते दोन दिसतातही: चार पाकळ्या, मधून जाणारी दोन उभी प्लेन्स. पण dz² मध्ये वर-खाली दोन फुगे आणि मध्ये एक कडं. इथे प्लेन कुठे घालायचं?

कडेलोट: xy प्लेन घे की. वरचा फुगा आणि खालचा फुगा त्यानेच वेगळे होतात. दुसरा नोड मलाही दिसला नाही कधी, मी सूत्र लावून मोकळा होतो.

जुना_मास्तर: xy प्लेन नको. ते कडं त्याच प्लेनमध्ये बसलंय, तिथे इलेक्ट्रॉन सापडतो. नोडवर ψ शून्य हवा. चित्र बाजूला ठेव आणि कोनाचा भाग बघ: 3cos²θ − 1. θ म्हणजे z अक्षापासूनचा कोन. θ = 0 ला किंमत +2, θ = 90° ला −1. म्हणजे फुगे धन, कडं ऋण, आणि मध्ये कुठेतरी शून्य ओलांडलंच पाहिजे. cos²θ = 1/3 ठेवलंस की θ = 54.7° आणि 125.3°. एवढ्या कोनात z भोवती फिरवलं की दोन शंकू तयार होतात, एक वर उघडा, एक खाली. टोकाला टोक लावून ठेवलेली दोन नरसाळी. हेच तुझे दोन अँग्युलर नोड. प्लेन हा शब्द पाठ झाल्यामुळे घोळ होतो.

अर्धा_चहा: माझंही असंच झालं! 3p च्या r²R² ग्राफमध्ये वक्र दोनदा खाली येतो, एकदा r = 0 ला आणि एकदा मध्ये. मी 2 रेडियल नोड लिहिले, गुण गेले.

जुना_मास्तर: तुझा प्रश्न वेगळा आहे, पण चूक नेहमीची. r = 0 आणि अनंत मोजायचे नाहीत. वाटेत R चं चिन्ह बदलतं तेवढेच धरायचे. हायड्रोजनच्या 3p मध्ये ते फक्त r = 6a₀ ला बदलतं, म्हणून 1.

प्रश्नकर्ती: शंकू कळले, आभार! म्हणजे 4dz² मध्ये हे दोन शंकू आणि वर एक गोल?

जुना_मास्तर: हो. हायड्रोजनमध्ये तो गोल 12a₀ वर, साधारण 6.35 Å. त्याच्या आत-बाहेर चिन्हं उलटी, म्हणून नीट काढलं तर आत एक छोटा dz² आणि बाहेर मोठा.

कडेलोट: मग आमच्या पुस्तकात 3dz² आणि 4dz² चं चित्र हुबेहूब सारखं का? आणि शंकूंचं टोक एकच, तर एकूण पृष्ठभाग एकच नाही का? एक मोजला तर?

जुना_मास्तर: θ च्या दोन किमती, म्हणून दोन. एकच दुहेरी शंकू म्हणायला माझी हरकत नाही, पण मग l शी मेळ बसत नाही. चित्राचं काय, ते काढणाऱ्याला विचार. बहुतेक बाहेरची सीमा दाखवली असेल, तिच्या आतलं झाकून जातं.

कडेलोट: टोकाचं अजून पटलं नाही. टेस्ट झाल्यावर परत येतो.