IST कुठली आणि 03/04 म्हणजे कधी?

डब्लिनहून (मूळ जालना)
मंडळी, नमस्कार. वाळूजच्या कारखान्यातून मशीन बंद पडल्याचा मासिक रिपोर्ट आमच्याकडे आणि मिशिगनच्या ऑफिसात येतो. एका ओळीत होतं: `03/04/2025 9:30 PM IST`. मिशिगनवाल्यांनी ते 4 मार्च धरलं. इथल्यांनी तारीख बरोबर वाचली, पण उन्हाळ्यात आयर्लंडच्या वेळेलाही IST म्हणतात, म्हणून घड्याळ इथलं धरलं. वाळूजला साडेनऊ, तेव्हा इथं संध्याकाळचे पाच. साडेचार तासांचा घोळ. कसं लिहायचं?

न्यू जर्सीहून
सगळं UTC मध्ये लिहा, विषय संपला.

कॉर्कहून (मूळ बीड)
अहो, आमचंही असंच झालं! 2025 च्या पाडव्याला, 30 मार्चला, भारतात रात्री आठला ऑनलाइन कार्यक्रम होता. आदल्या आठवड्याच्या हिशेबानं मी अडीचला लॅपटॉप उघडून बसले. त्याच पहाटे इथली घड्याळं पुढे गेलेली! आई तिकडे जेवणंच वाढायलेली, कार्यक्रम साडेतीनला. यंदा मंडळानं नीट कळवावं.

मिशिगनहून (मूळ लातूर)
ताई, तुमचं वेगळं आहे. पुढच्या कार्यक्रमाला शहराचं नाव लिहा, "छत्रपती संभाजीनगर, रात्री 8". घडून गेलेल्या गोष्टीला मात्र UTC पासूनचा फरक आकड्यात हवा: `2025-04-03 21:30 +05:30`.

दादा, तुमची फाइल CSV असेल तर एक गंमत बघा. इकडच्या एक्सेलमध्ये उघडली की 01/04 ते 12/04 गुपचूप उलटतात. एप्रिलचे पहिले बारा दिवस जानेवारी ते डिसेंबर या प्रत्येक महिन्याची 4 तारीख होऊन बसतात. 13/04 पासून तेरावा महिनाच नाही, म्हणून ती नोंद नुसता मजकूर राहते आणि सेलमध्ये डावीकडे चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजायचं. मे महिन्यात आलेल्या रिपोर्टात डिसेंबरचा बिघाड दिसला तर मग विचारायलाच नको.

वर्ष आधी लिहिलं की एक्सेल चुकत नाही. पण `+05:30` त्याच सेलमध्ये घातलं तर त्याला ती वेळ वाटत नाही, मजकूर वाटतो. म्हणून तारीख आणि वेळ वेगळ्या रकान्यांत, आणि `UTC+05:30` वरच्या शीर्षकात. इकडे कुणी ती फाइल उघडून सेव्ह केली की तारखा पुन्हा अमेरिकी वळणाच्या होतात, म्हणून मूळ प्रत हात न लावता ठेवायची.

UTC चं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन देशांच्या नोंदी जुळवायला ते उत्तम. पण वाळूजच्या सुपरवायझरला पहाटे 2 ची नोंद आदल्या दिवशीची 20:30 दिसली तर तो ती शोधणार कुठं?

लेस्टरहून (लेकीकडे आलोय)
मी वाळूजला शिफ्ट इनचार्ज होतो. आमची रात्रपाळी 10 ला सुरू व्हायची. मशीन दीडला बंद पडलं तरी रजिस्टरात तारीख पाळी सुरू झाल्याचीच. तुमच्या रिपोर्टात कुठली तारीख येते, ते आधी वाळूजला फोन करून विचारा.

डब्लिनहून
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाळीच्या तारखेचा वेगळा रकाना मागतो. ते देतील का, बघू.