मदत हवी आहे: कीटो चालू असताना क्रिएटिन लागू पडत नाही का?

अर्धवट_पहिलवान
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून घाईत लिहितोय. कीटोवर आहे, क्रिएटिन चालू केलं, फरक शून्य. उलट स्क्वॉटचा तिसरा सेट आठव्या रेपलाच बसतो, आधी बारा आरामात निघायचे. त्यात आज काट्यावर 1.2 किलो जास्त! जिममधला एक जण म्हणतो, साखरेशिवाय क्रिएटिन स्नायूत शिरतच नाही, सगळं लघवीवाटे जातं. साखर घेतली तर कीटो मोडणार, नाही घेतली तर पावडर वाया. काय करू? लवकर सांगा.

रानवारा
कीटो किती दिवसांपासून? क्रिएटिन किती दिवस आणि किती ग्रॅम? मांसाहारी की शाकाहारी?

अर्धवट_पहिलवान
अहो, नेहमीचाच डोस. सगळे घेतात तेवढा. प्रश्न साखरेचा आहे.

रानवारा
'सगळे' कोणी 3 घेतात, कोणी 5, कोणी पहिला आठवडा 20. आम्ही काय अंदाजपंचे उत्तर द्यायचं?

लोखंडी
जिमवाला बरोबर बोलतोय. इन्सुलिन वाढलं की क्रिएटिन स्नायूत ढकललं जातं, हे प्रयोगात दिसलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. मी स्वतः ग्लुकोजबरोबर लोडिंग केलं, पाच दिवसांत बेंच वाढली. कीटोवर क्रिएटिन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. व्यायामाच्या दिवशी तरी कार्ब्स घ्या भाऊ.

गुलबक्षी
मी दोन वर्षांपूर्वी केलं होतं. पहिले तीन महिने छान दिसतं, मग केस पुन्हा होते तसे. आणि तीन दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, हे कोणी आधी सांगत नाही.

रानवारा
ताई, ते केराटिन. 😄

शांतरस
लोखंडी म्हणतात तो प्रयोग खरा आहे, 1996 सालचा. पण त्यात लोकांना काय पाजलं होतं ते बघा. दर 5 ग्रॅम क्रिएटिनमागे सुमारे 93 ग्रॅम साखर, दिवसातून चार वेळा. म्हणजे दिवसाला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. तेव्हा कुठे पाच दिवसांत नुसत्या क्रिएटिनपेक्षा साठेक टक्के जास्त साठा झाला. घोटभर ग्लुकोजने तसं इन्सुलिन उसळत नाही. आणि ज्यांनी साखर घेतली नव्हती त्यांच्याही स्नायूत क्रिएटिन वाढलंच होतं, फक्त कमी वेगाने.

स्नायूत क्रिएटिन ओढून घेणारी वाट मुळात सोडियमच्या जोरावर चालते. इन्सुलिन तिला वरून धक्का देतं इतकंच. स्नायूची साठवण्याची एक मर्यादा असते. ती सहा दिवसांत रोज 20 ग्रॅम घेऊन गाठा, नाहीतर चारेक आठवडे रोज 3 ग्रॅम घेऊन, शेवटी पातळी जवळपास तीच. हेही त्याच वर्षी दाखवलं गेलं होतं. ज्याला घाई नाही त्याला साखरेची गरज नाही.

पण धागाकर्ते, तुमचा डोस आणि दिवस कळल्याशिवाय पुढे काही बोलता येणार नाही.

अर्धवट_पहिलवान
बरं बाबा, घ्या. कीटो 24 दिवस, कार्ब्स 25 ग्रॅमच्या आत. क्रिएटिन मोनोहायड्रेट 3 ग्रॅम, आज नववा दिवस. अंडी-मांस रोज. पावडर फ्रिजमधल्या गार पाण्याच्या ग्लासात ढवळून एका दमात पितो. तळाशी वाळूसारखं काही उरतं, ते विसळून टाकतो. वजन सोमवारी सकाळी केलं. रविवारी जरा सैल सोडलं होतं, पण एकच दिवस.

रानवारा
'जरा सैल' आत्ता सांगताय!

शांतरस
आता चित्र दिसलं. ती वाळू म्हणजेच तुमचं क्रिएटिन. मोनोहायड्रेट गार पाण्यात फार कमी विरघळतं. साधारण 20 अंशाच्या पाण्यात लिटरला 14 ग्रॅमच्या आसपास, फ्रिजच्या 4 अंशाला फक्त 6 च्या आसपास. 200 मिलीचा ग्लास धरला तर जेमतेम सव्वा ग्रॅम विरघळलं. बाकीचं तरंगत होतं तेवढं पोटात गेलं, बसलं ते मोरीत. नऊ दिवस म्हणजे एरवीही लवकरच, त्यात डोस असा अर्धामुर्धा. कोमट पाण्यात घ्या, नाहीतर तळाचा थर पुन्हा पाणी घालून पिऊन टाका. न विरघळलेलं क्रिएटिनही पोटात गेलं की चालतं.

वजनाचं म्हणाल तर कीटोत स्नायूंतला ग्लायकोजेन उतरतो आणि त्याच्याबरोबर जवळजवळ तिप्पट पाणी. रविवारी कार्ब्स खाल्ले की दोन्ही परत येतात. सोमवारचे 1.2 किलो बहुतेक तेच. क्रिएटिननेही पाणी वाढतं, पण या डोसवर एका रात्रीत एवढं नाही.

लोखंडी
मग बाराचा सेट आठवर का आला? पाणी गार होतं म्हणून? कार्ब्स नाहीत म्हणूनच ना!

शांतरस
हो, तिथे तुमचं बरोबर आहे, पण त्याचा क्रिएटिन शिरण्याशी संबंध नाही. क्रिएटिनचा आधार पहिल्या दहाएक सेकंदांच्या झटक्याला. जड तीन-पाच रेप त्यात बसतात. बारा रेपचा स्क्वॉट चाळीस सेकंद चालतो, तिथे ग्लायकोजेन लागतो आणि तोच कीटोत कमी. भरलेलं क्रिएटिनसुद्धा ती उणीव पूर्ण भरून काढणार नाही. म्हणून फरक शोधायचाच तर जड पाचाच्या सेटमध्ये शोधा. शिवाय तुम्ही रोज मांस खाता, म्हणजे स्नायूत आधीच बऱ्यापैकी साठा असणार. शाकाहारी माणसाला जेवढी उडी दिसते तेवढी तुम्हाला दिसेलच असं नाही.

सत्तरीतला_तरुण
मुलांनो, किडनीचं कोणी बोलत नाही. मी घेत होतो तेव्हा रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वर गेलं, घरात रडारड. डॉक्टरांना पावडरचं सांगितल्यावर त्यांनी सिस्टॅटिन सी करायला लावलं, ते नॉर्मल निघालं. तपासणीला जाताना लपवू नका.

रानवारा
काका, मुद्दा चांगला. अवांतर आहे, पण चांगला. आधीपासून किडनीचा त्रास असेल त्याने मात्र विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

बाकी पहिलवान, मिठाचं काय? कीटोत इन्सुलिन खाली आलं की किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का?

अर्धवट_पहिलवान
येते. ब्लड प्रेशर नाही, पण मीठ मुद्दाम कमी केलं होतं, पाणी धरतं म्हणून.

रानवारा
झालं! तिसऱ्या सेटला दम तिथेही जात असेल. बीपी खरंच मोजलेलं आणि ठीक असेल तर जेवणात नेहमीचं मीठ परत आणा.

लोखंडी
थोडक्यात, मीठ चालतं, गरम पाणी चालतं, फक्त कार्ब्स चालत नाहीत. कमाल आहे.

अर्धवट_पहिलवान *(तीन आठवड्यांनी)*
अपडेट देतो. कोमट पाण्यात 5 ग्रॅम रोज, मीठ परत आणलं, रविवारही कडक पाळले. ज्या वजनावर पाच रेप निघत होते तिथे आता सात निघतात. बाराचा सेट मात्र नवावर अडकलाय. अंधारी गेली.

लोखंडी
मीठ वाढवलंत, डोस वाढवलात, रविवार सोडलेत. यातलं कशाने झालं ते कसं ठरवणार?

शांतरस
नाही ठरवता येणार. एकेक बदल करायला हवा होता.

गुलबक्षी
पण केसांना काही फरक?